टी-टेस्ट की एनोव्हा? तीन गटांचा मोबाइल-वेळ आणि चुकीची वाचलेली Sig.

वृषाली_तासगाव

नमस्कार मंडळी. मी जनसंवादात एम.ए. करते आहे आणि लघुप्रबंध शेवटच्या टप्प्यात आहे. विषय साधा आहे: आमच्या तालुक्यात कोण मोबाइलवर दिवसाला किती वेळ व्हिडिओ बघतं. एकूण ९० जणांना भेटले. त्यात ३० कॉलेजची मुलंमुली, ३० नोकरी-धंदा करणारे आणि ३० साठीच्या पुढचे. रोजची सरासरी मिनिटं अशी आली: कॉलेज १८२, नोकरी-धंदा १४१, ज्येष्ठ १२८. प्रमाण विचलन अनुक्रमे ७५, ६० आणि ५२.

आधी पुरुष आणि स्त्रिया अशी तुलना केली. पुरुष ५०, स्त्रिया ४०. एसपीएसएसने हे दिलं:

```
                             Levene's Test
                             F      Sig.   t      df    Sig. (2-tailed)  Mean Diff.
Equal variances assumed      5.214  .025   1.226  88    .223             17.25
Equal variances not assumed                1.266  87.6  .209             17.25
```

Sig. .025 आला, ०.०५ पेक्षा कमी, म्हणून मी लिहिलं की पुरुष स्त्रियांपेक्षा लक्षणीय जास्त व्हिडिओ बघतात. मग वयाच्या गटांसाठी दोन-दोन गट घेऊन तीन वेळा टी-टेस्ट लावली. कॉलेज विरुद्ध नोकरी .023, कॉलेज विरुद्ध ज्येष्ठ .002, नोकरी विरुद्ध ज्येष्ठ .373. मैत्रीण म्हणते इथे एनोव्हा लावायला हवी होती. मार्गदर्शकांनी नुसतं "योग्य ती चाचणी वापरा" असा शेरा मारलाय. तीन टी-टेस्ट आणि एक एनोव्हा यात खरंच काही फरक पडतो का? पुढच्या सोमवारी मसुदा द्यायचा आहे.

---

नि३

सोपा नियम आहे. दोन गट असले की टी-टेस्ट, तीन किंवा जास्त असले की एनोव्हा. आम्हाला एमबीएला हेच शिकवलं.

कारण असं की प्रत्येक टेस्टमध्ये ५ टक्के चूक होण्याची शक्यता असते. तीन टेस्ट केल्या की एकदाही चूक न होण्याची शक्यता ०.९५ चा घन, म्हणजे ०.८५७. म्हणजे निदान एक तरी खोटा फरक सापडण्याची शक्यता १४.३ टक्के झाली. तीन टी-टेस्टच ठेवायच्या असतील तर बॉनफेरोनी करा: ०.०५ ला ३ ने भागा, ०.०१६७ येतं. तुमचा .023 त्यात बसत नाही. विषय संपला.

पुरुष-स्त्रियांचं तुम्ही बरोबर केलंय, तिथे दोनच गट आहेत.

---

लंबक

वृषाली, पुरुष-स्त्रियांचं वाक्य मसुद्यातून आजच काढ. चाचणी बरोबर निवडलीस, पण आकडा भलताच वाचलास. नि३, तुमच्याही नजरेतून तो निसटला.

त्या ओळीत Sig. दोनदा आहे. डावीकडचा .025 लेव्हीनच्या चाचणीचा. ती चाचणी सरासरीबद्दल काहीच बोलत नाही. तिचा प्रश्न असा की दोन्ही गटांची मिनिटं आपापल्या सरासरीभोवती सारखीच विखुरली आहेत का. .025 आला याचा अर्थ विखुरणं सारखं दिसत नाही: काही पुरुष अगदी कमी बघतात, काही खूप जास्त, आणि स्त्रिया त्या मानाने एकमेकींच्या जवळ आहेत. एवढंच. या उत्तराचा उपयोग पुढची कोणती ओळ वाचायची ते ठरवायला. विखुरणं वेगळं आहे, म्हणून खालची ओळ. तिथे सरासरींच्या फरकाची Sig. आहे .209.

म्हणजे तुझ्या ९० जणांत पुरुष १७ मिनिटं जास्त बघताना दिसले, पण आतली चढउतार इतकी मोठी आहे की एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. "फरक नाही" असं मात्र लिहू नकोस. "या नमुन्यातून फरक दाखवता आला नाही" असं लिही.

बावीस वर्षं वाचक आणि प्रेक्षकांच्या पाहण्यांचे आकडे चाळण्यात गेली. नवीन आलेल्या मुलांची सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक हीच. डोळा डावीकडून उजवीकडे सरकतो आणि पहिल्या Sig. वर थांबतो. मी त्यांना सांगायचो, आधी t चा आकडा बघा. t एक-सव्वाच्या आसपास असेल तर फरक लक्षणीय असूच शकत नाही, मग शेजारी .025 दिसला की समजावं, आपण चुकीच्या खणात आहोत.

---

वृषाली_तासगाव

बापरे. लंबककाका, त्या वाक्यावर मी प्रबंधातलं अख्खं पान लिहिलंय. पुरुषांच्या हातात मोबाइल जास्त वेळ का असतो, स्त्रियांच्या वाट्याला तो संध्याकाळनंतरच का येतो, असं सगळं. आजच काढते.

मग वयाच्या गटांचं काय? तीन टी-टेस्ट टाकून द्यायच्या का?

---

शाळामास्तर

माझंही असंच आहे म्हणून विचारतो. आमच्या शाळेत नववीच्या २५ मुलांचा मोबाइल-वेळ परीक्षेच्या महिनाभर आधी लिहून घेतला, आणि परीक्षेनंतर परत त्याच मुलांचा. नि३ यांच्या नियमाप्रमाणे दोन गट झाले. मी Independent Samples टी-टेस्ट लावली, फरक काही आला नाही. पण मला तर वर्गात स्पष्ट दिसतंय की सुटी लागली की वेळ वाढतो.

---

लंबक

मास्तर, तुमच्याकडे दोन गट नाहीत, एकच गट आहे दोनदा मोजलेला. Paired-Samples टी-टेस्ट लावा. ती प्रत्येक मुलाचा आधीचा आकडा त्याच्याच नंतरच्या आकड्यातून वजा करते आणि त्या २५ फरकांची सरासरी शून्यापासून लांब आहे का ते बघते. काही मुलं मुळातच तीन तास बघणारी, काही अर्धा तास बघणारी. तुमच्या पद्धतीत त्या मुलामुलांमधल्या अंतरात सुटीचा परिणाम बुडून गेला. जोडीने वजाबाकी केली की ते अंतर निघून जातं. मात्र फाइलमध्ये एका मुलाचे दोन्ही आकडे एकाच ओळीत हवेत. नावं न लिहिता दोन वेगळ्या याद्या केल्या असतील आणि कोणता आकडा कुणाचा हे आता कळत नसेल, तर ही वाट बंद झाली.

वृषाली, तुझ्याकडे येतो. टाकून काही देऊ नकोस, पण क्रम बदल. Analyze, Compare Means, One-Way ANOVA. मिनिटं Dependent List मध्ये, गट Factor मध्ये. येईल तो तक्ता इथे टाक.

---

शाळामास्तर

नशिबाने हजेरी क्रमांक लिहून घेतलेत. दोन्ही याद्या जुळवतो. आभार.

---

वृषाली_तासगाव

हा घ्या:

```
                 Sum of Squares   df   Mean Square   F       Sig.
Between Groups        47660.0      2     23830.0     5.993   .004
Within Groups        345941.0     87      3976.3
Total                393601.0     89
```

Sig. .004. या वेळी एकच Sig. आहे, म्हणून चुकले नाही! म्हणजे तिन्ही गट एकमेकांपेक्षा वेगळे आहेत ना?

---

लंबक

नाही. तिन्ही सारखे आहेत असं म्हणणं अवघड झालं, एवढंच या तक्त्याने सांगितलं. कोण कुणापेक्षा वेगळा हे त्याला माहीत नाही.

तक्ता खालून वर वाच. Within Groups ची ओळ म्हणजे गटाच्या आतली हालचाल. तुझ्या ३० कॉलेजकरांपैकी कुणी तासभर बघतो, कुणी पाच तास. ज्येष्ठांतही तेच. हा सगळा आतला गोंधळ सरासरीत धरून ३९७६ आला. त्याचं वर्गमूळ ६३. म्हणजे एकाच गटातली माणसंसुद्धा आपल्या गटाच्या सरासरीपासून साधारण तासाभराने इकडेतिकडे आहेत. आता वरची ओळ: गटांच्या सरासरी एकमेकींपासून किती लांब, याचा तसाच आकडा, २३८३०. वयाने काहीच फरक पडत नसता तर हे दोन्ही आकडे जवळपास सारखे आले असते आणि भागाकार १ च्या आसपास राहिला असता. इथे तो जवळजवळ ६ आहे. हाच F.

df सुद्धा बघायची सवय लाव. गट तीन, म्हणून वर २. माणसं ९०, म्हणून तळाशी ८९. कुणी एसपीएसएसऐवजी आर वापरत असेल आणि गटांना १, २, ३ असे कोड दिले असतील, तर आर त्यांना मोजमापाचे आकडे समजतं आणि वरच्या ओळीत df १ येतो. तो १ दिसला की थांबायचं, गटाला `factor` करायचं आणि परत चालवायचं.

अजून एक. ४७६६० भागिले ३९३६०१ करून बघ. ०.१२ येतं. मिनिटांमध्ये जी काही कमीजास्त आहे, तिच्यातला १२ टक्के भाग गटाशी जोडता येतो, उरलेला ८८ टक्के त्या-त्या गटाच्या आतच आहे. हा आकडा प्रबंधात नक्की लिही. नुसता .004 वाचला की वाटतं, वय कळलं म्हणजे माणूस कळला. तसं नाही.

नि३ यांच्या १४.३ टक्क्यांबद्दल: दिशा बरोबर आहे, पण तो घन तिन्ही तुलना एकमेकींपासून अलग असतील तरच चालतो. इथे कॉलेजचा गट दोन तुलनांमध्ये आहे, ज्येष्ठही दोन तुलनांमध्ये. एका गटाची सरासरी चुकून वर गेली की दोन्ही तुलना एकदम हलतात. त्यामुळे खरी जोखीम १२ टक्क्यांच्या आसपास राहते. ५ पेक्षा तीही बरीच जास्त.

---

नि३

लेव्हीनची Sig. माझ्याकडून निसटली हे मान्य. पण मग दोन गटांना एनोव्हा चालतच नाही का? नियम कडक आहे की सोयीचा?

---

लंबक

चालते, आणि उत्तर तेच येतं. वृषालीच्या पुरुष-स्त्रियांना एनोव्हा लावली तर F १.५०४ येईल आणि Sig. .223, टी-टेस्टच्या वरच्या ओळीतलीच. १.२२६ चा वर्ग करून बघा. दोन गटांपुरती एनोव्हा म्हणजे t चा वर्ग. तेव्हा या दोन चाचण्या परक्या नाहीत, तिसरा गट आला की t ला तो मावत नाही इतकंच.

तरी दोन गटांना मी टी-टेस्टच लावीन, कारण तिच्या तक्त्यात विखुरणं असमान असतानाची ओळ आयती मिळते आणि फरक मिनिटांत दिसतो.

---

वृषाली_तासगाव

मग कोण कुणापेक्षा वेगळं ते कळायला Post Hoc मध्ये Tukey वर खूण केली. प्रत्येक जोडीतला फरक आणि ९५ टक्के मर्यादा:

```
college - naukri      41     2.2  to  79.8
college - jyeshtha    54    15.2  to  92.8
naukri  - jyeshtha    13   -25.8  to  51.8
```

पहिल्या दोन जोड्यांना लक्षणीय फरकाची चांदणी आली, तिसरीला नाही. म्हणजे माझ्या तीन टी-टेस्टनीही हेच सांगितलं होतं! मग एवढा खटाटोप कशाला केला?

---

लंबक

या वेळी जुळलं. दर वेळी जुळेल असं नाही. आणि चांदण्यांपेक्षा त्या मर्यादा वाच, त्यात जास्त माल आहे. कॉलेजकर नोकरीवाल्यांपेक्षा किती जास्त बघतात? तुझ्या आकड्यांवरून २ मिनिटांपासून ८० मिनिटांपर्यंत काहीही असू शकतं. दोन मिनिटं म्हणजे एक छोटा व्हिडिओ. ऐंशी मिनिटं म्हणजे अर्धा सिनेमा. चांदणी या दोन्हींना सारखीच मिळते. ज्येष्ठांशी तुलना मात्र भक्कम आहे, तिथे अगदी कमीत कमी धरलं तरी पाव तास.

तिसऱ्या जोडीत मर्यादा उणे २६ पासून अधिक ५२ पर्यंत आहे, शून्य मधे येतं. कोण जास्त बघतं हेसुद्धा ठामपणे सांगता येत नाही.

---

रेघोटी

मी मानसशास्त्रात पीएच.डी. करते, आमच्याकडे यावर बरीच वादावादी होते, म्हणून लिहिते आहे. लंबकदादांशी बाकी सगळ्यावर सहमत, पण टुकीवर नाही.

टुकी तिन्ही गटांचं विखुरणं सारखंच आहे असं धरून चालते. इथे कॉलेजचं ७५ आणि ज्येष्ठांचं ५२. तो ३९७६ चा आकडा तिघांची सरासरी काढून आलाय, पण कॉलेजचा खरा आकडा ५६२५ आहे. म्हणजे ज्या गटात गोंधळ सर्वांत जास्त, त्याच्याच तुलनेत आपण गोंधळ कमी धरतोय. माध्यमांच्या वेळेत हे हमखास होतं, कारण वेळ शून्याखाली जात नाही आणि वर मोकळं आकाश. ज्या गटाची सरासरी जास्त, त्याचं विखुरणंही बहुधा जास्त.

वृषाली, Options मध्ये Welch वर आणि Post Hoc मध्ये सगळ्यात खालच्या भागात Games-Howell वर खूण कर, या दोन्ही विखुरणं सारखं धरत नाहीत. मी तुझ्या सरासरी, विचलनं आणि संख्या घेऊन हाताने काढून बघितलं. वेल्चचा F ५.२५ येतो, खालचा df साधारण ५६.८ आणि Sig. .008. म्हणजे मुख्य उत्तर टिकलं. पण कॉलेज-नोकरी जोडीची मर्यादा उणे १.२ पासून ८३.२ पर्यंत जाते. शून्य आत आलं. चांदणी गेली.

---

वृषाली_तासगाव

रेघोटीताई, आत्ताच करून बघितलं, तंतोतंत तसंच आलं. -1.2 ते 83.2. आता मी काय लिहू? टुकीप्रमाणे कॉलेज आणि नोकरीत फरक आहे, गेम्स-हॉवेलप्रमाणे नाही!

---

नि३

माझा बॉनफेरोनीचा हिशोबही "नाही"च म्हणत होता. दोन विरुद्ध एक.

---

लंबक

मतदान करून हे ठरत नाही, नि३.

रेघोटीचं म्हणणं वजनदार आहे. माझी बाजू अशी: तिन्ही गट ३०-३० चे आहेत. गटांच्या संख्या सारख्या असल्या की विखुरण्यातल्या एवढ्या फरकाने एनोव्हा फारशी डगमगत नाही. २० आणि ७० असे गट असते आणि छोट्या गटाचं विखुरणं मोठं असतं, तर मी स्वतः टुकीला हात लावू दिला नसता, कारण तिथे खोट्या चांदण्या खरोखर वाढतात.

पण दोन गोष्टी नक्की. एक म्हणजे दोन्ही चालवून, जिच्यात चांदणी येईल ती ठेवायची, हे करायचं नाही. दुसरं, २.२ आणि उणे १.२ यात अंतर साडेतीन मिनिटांचं आहे. दोन्ही चाचण्या एकच गोष्ट सांगताहेत: फरक ४१ मिनिटांच्या आसपास दिसतो, पण तो कितीचा आहे हे ३०-३० माणसांत पक्कं होत नाही.

---

रेघोटी

दुसऱ्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. पहिल्यावर मी म्हणेन की चाचणी आकडे बघण्याआधी ठरवायची, आणि माध्यमांच्या वेळेसाठी आधीच वेल्च ठरवून टाकायची. आधी लेव्हीन लावून मग ठरवणं मला पटत नाही. छोट्या गटांत लेव्हीनला फरक दिसतच नाही, आणि मोठ्या नमुन्यात क्षुल्लक फरकही दिसतो. आर मध्ये हेच मुळात गृहीत आहे:

```
t.test(mins ~ gender, data = d)
oneway.test(mins ~ gat, data = d)
```

दोन्ही आज्ञा विखुरणं असमान धरूनच चालतात. म्हणून एसपीएसएसची वरची ओळ आणि आरचं उत्तर जुळत नाही, आणि मुलं घाबरतात. खालच्या ओळीशी जुळवलं की जुळतं.

---

गोदाकाठ

मला तुमचा F कळत नाही, पण घरोघर जाऊन प्रश्नावल्या भरण्यात माझी नोकरी गेली, म्हणून एक विचारते. वृषाली, ही मिनिटं तुला कुणी सांगितली? माणसाने की मोबाइलने?

माणूस कधी "१३७ मिनिटं" म्हणत नाही. "तास-दीड तास" म्हणतो, "दोनेक तास" म्हणतो. तुझी फाइल उघड आणि नुसते आकडे वरून खाली बघ. ६०, ९०, १२०, १८० हेच परत परत येतात का? आणि सगळ्या गटांत सारखेच येतात का?

---

वृषाली_तासगाव

गोदाकाठ ताई, फाइल उघडली आणि पोटात गोळा आला.

ज्येष्ठांच्या ३० आकड्यांपैकी २६ हे ३० च्या पाढ्यातले आहेत. कॉलेजच्या गटात ४७, १०३, १९८, २६१ असले आकडे आहेत. कारण आता आठवलं. मुलांना विचारलं की ती लगेच सेटिंग्जमध्ये जाऊन Digital Wellbeing उघडायची आणि स्क्रीनच माझ्यापुढे धरायची. मी तेच लिहून घेतलं, मला ते जास्त अचूक वाटलं. आजी-आजोबांनी तोंडी सांगितलं. नोकरीवाल्यांत थोडे असे, थोडे तसे, आणि कुणाचा आकडा कसा घेतला याची मी नोंदच ठेवली नाही.

एका आजोबांकडे मुद्दाम आज संध्याकाळी जाऊन आले. शेजारचेच आहेत. प्रश्नावलीत त्यांनी "तासभर" सांगितलं होतं. फोन मागितला. फक्त यूट्यूब, आदल्या दिवशीचं, २ तास १० मिनिटं. ते म्हणाले, "अगं, भजन लावून ठेवतो, बघत कुठे असतो?"

---

लंबक

गोदाकाठ ताईंनी मूळच पकडलं. वृषाली, आता ५४ मिनिटांच्या त्या भक्कम फरकाकडे परत बघ. त्यातला किती भाग वयाचा आणि किती मोजण्याच्या पद्धतीचा, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. सगळेच अंदाजे आकडे सांगत असते तर आतला गोंधळ वाढला असता, F थोडा घसरला असता, एवढंच. पण एक गट फोनवरून आणि दुसरा तोंडी, म्हणजे चूक गटाबरोबरच बदलते. ती थेट Between Groups च्या ओळीत जाऊन बसते आणि F फुगवते. टुकी लाव नाहीतर गेम्स-हॉवेल, दोघींनाही ती खराच फरक म्हणून दिसणार.

---

नि३

मग ज्येष्ठांचे आकडे फोनवरून परत घ्या. ३० घरं, दोन दिवसांचं काम.

---

गोदाकाठ

घ्यावेतच, पण फोनचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. आजोबांच्या फोनवर संध्याकाळी नातू कार्टून बघतो, तेही आजोबांच्याच खात्यात पडतं. भजन लावून झोपले तरी पडतं. आणि आमच्याकडे तर एका फोनवर अख्खं घर असतं. विचारताना दोन्ही विचार: फोन काय म्हणतो, आणि हा फोन दिवसात अजून कोण हाताळतं.

---

रेघोटी

आणि ज्यांचे दोन्ही आकडे मिळतील, तोंडी आणि फोनचा, त्यांना मास्तरांची Paired टी-टेस्ट लावता येईल. एकाच माणसाची दोन मोजमापं. ज्येष्ठ किती कमी सांगतात हे त्यातून मिनिटांत निघेल. माझ्या मते तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात कामाचं पान ते होईल.

---

वृषाली_तासगाव

कालपासून नऊ घरं झाली. नऊपैकी सात जणांचा फोनचा आकडा तोंडी सांगितलेल्यापेक्षा जास्त निघाला. दोन आजींचा कमी निघाला, पण त्या दोघी रात्री सुनेच्या फोनवर मालिका बघतात, म्हणजे तो वेळ त्यांच्या फोनमध्ये नाहीच. अशांचं काय करायचं, तोंडी आकडा ठेवायचा की फोनचा, मला अजून कळलेलं नाही.

मार्गदर्शकांना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्यांनी दोन आठवडे वाढवून दिलेत. निकालाचा परिच्छेद सध्या असा लिहिलाय, बघून सांगा:

"तीन गटांच्या दैनंदिन व्हिडिओ-वेळेत फरक आढळला (वेल्च F = ५.२५, p = .००८). कॉलेज गटाची सरासरी ज्येष्ठांपेक्षा ५४ मिनिटांनी जास्त होती. कॉलेज आणि नोकरी-धंदा गटांतला ४१ मिनिटांचा फरक निश्चित म्हणता येत नाही (९५ टक्के मर्यादा −१.२ ते ८३.२). मात्र कॉलेज गटाची बहुतेक नोंद फोनमधून व ज्येष्ठांची तोंडी घेतली असल्याने, यातला काही भाग मोजण्याच्या पद्धतीचा असू शकतो."

---

लंबक

परिच्छेद चांगला आहे. ५४ च्या पुढेही मर्यादा लिही, फक्त अडलेल्या जोडीला नको. गेम्स-हॉवेलच्या तक्त्यात ती १३.८ ते ९४.२ असेल, तपासून घे. आणि नवीन आकडे आले की हे सगळे F आणि p बदलतील, जुने मसुद्यात राहून जाऊ देऊ नकोस.

त्या दोन आजींबद्दल मी तोंडी आकडा ठेवला असता.

---

गोदाकाठ

मी नसता ठेवला. मी सुनेचा फोन मागितला असता.

---

शाळामास्तर

२५ पैकी २३ मुलांच्या जोड्या जुळल्या. Paired लावली. सुटीत सरासरी ३८ मिनिटं वाढ, मर्यादा १९ ते ५७. दोन मुलं दुसऱ्या वेळी गैरहजर होती. ती नेमकी सगळ्यात जास्त मोबाइल बघणारी आहेत. त्यांना सोडून दिलेलं चालेल का?